तीनशे रुपयांची शिडी

सप्टेंबरमधला पहिला किंवा दुसरा रविवार. परीक्षेच्या हॉलमध्ये एका मुलीला उत्तर सापडतं : सात. ती ओएमआर कागदावर सातचा गोळा काळा करते आणि पुढच्या गणिताकडे वळते. उत्तर बरोबर आलं, तरी तिने नियम अर्धाच पाळलेला असतो. या परीक्षेत प्रत्येक उत्तर ०० ते ९९ मधली पूर्ण संख्या असते आणि प्रत्येक प्रश्नासाठी गोळ्यांच्या दोन रांगा असतात. सात लिहायचे तर आधी शून्य आणि मग सात, म्हणजे ०७ भरावे लागतात. कागद तपासणारं यंत्र मनातलं उत्तर वाचत नाही, भरलेले गोळे वाचतं.

ही परीक्षा आयओक्यूएम, म्हणजे इंडियन ऑलिम्पियाड क्वालिफायर इन मॅथेमॅटिक्स. दरवर्षी जुलैमध्ये जगभरची शाळकरी मुलं आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडला जमतात. त्या स्पर्धेत भारताच्या सहा जणांच्या संघापर्यंत नेणाऱ्या शिडीची ही पहिली पायरी. तिच्या वर विभागीय आरएमओ, मग राष्ट्रीय आयएनएमओ, मग सुमारे महिनाभराचं प्रशिक्षण शिबिर आणि शेवटी संघ. पहिली पायरी मॅथेमॅटिक्स टीचर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही शिक्षकांची संघटना घेते. पुढचा कार्यक्रम मुंबईत मानखुर्दला असलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे आहे. हे केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे. गणिताच्या या कार्यक्रमामागे अणुऊर्जा विभागाच्या राष्ट्रीय उच्च गणित मंडळाचं पाठबळ आहे.

पुढे जाण्याआधी नावाचा एक घोळ निस्तरलेला बरा, कारण बहुतेक पालक तिथेच चकतात. शाळेच्या सूचनाफलकावर ‘आयएमओ’ अशी तीन अक्षरं दिसतात, फी भरली जाते आणि पोरगं ऑलिम्पियाडला बसलं असं घरात सगळे समजतात. सायन्स ऑलिम्पियाड फाउंडेशन ही दिल्ली परिसरातली संस्था पहिली ते बारावीसाठी अशी एक परीक्षा घेते. तिचं पूर्ण नाव इंटरनॅशनल मॅथेमॅटिक्स ऑलिम्पियाड. ती शाळेतच होते, तिला दुसरी फेरी असते, पदकं आणि प्रमाणपत्रंही असतात. जुलैत देशोदेशीचे संघ जातात ती मात्र इंटरनॅशनल मॅथेमॅटिकल ऑलिम्पियाड. फरक एका प्रत्ययाचा, पण एका परीक्षेतून दुसरीकडे जायला वाट नाही. पहिलीत कितीही मोठं पारितोषिक मिळालं तरी त्याच्या बळावर आरएमओला बसता येत नाही. पहिली परीक्षा वाईट आहे असं मुळीच नाही. बहुपर्यायी प्रश्नांचा चांगला सराव होतो. पण ती वेगळ्या घरचा जिना आहे, एवढं पैसे भरण्याआधी ठाऊक असावं. मुंबईच्या शाळांमध्ये होमी भाभांच्याच नावाची बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठी असते. तीही यापेक्षा स्वतंत्र आहे.

आता समजा, साताऱ्यात नववीत शिकणारी एक मुलगी आहे. मराठी माध्यम, गणितात गती, शाळेत एखादे हौशी सर. तिला ही शिडी चढायची आहे. पहिला प्रश्न पात्रतेचा, आणि तो गुणांचा नाही. मागच्या वर्षी किती टक्के पडले हे इथे कुणी विचारत नाही. विचारतात ती जन्मतारीख आणि इयत्ता. २०२४ च्या परीक्षेला आठवी ते बारावीतली मुलं बसू शकत होती आणि जन्म १ ऑगस्ट २००५ किंवा त्यानंतरचा हवा होता. ही तारीख हवेतून आलेली नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा नियम असा, की स्पर्धक विशीच्या आतला असावा आणि त्याने विद्यापीठात पाऊल ठेवलेलं नसावं. २०२४ च्या सप्टेंबरात शिडी चढायला लागलेलं पोर जुलै २०२५ मध्ये संघातून खेळणार, म्हणून वीस वर्षं मागे मोजून ती तारीख ठरते. दरवर्षी ती एका वर्षाने पुढे सरकते.

बारावीच्या मुलांची अडचण याच नियमात दडलेली आहे. बारावीत असताना आयओक्यूएम देता येते. पण बारावी उरकून जेईईसाठी एक वर्ष घरी बसलेल्या मुलाला ती देता येत नाही. बारावीतल्या मुलांसाठी वरच्या पायऱ्यांवर जागाही मोजक्याच ठेवलेल्या असतात. निवडीची यादी दोन गटांत लागते, एक आठवी ते अकरावीचा आणि दुसरा बारावीचा. दुसऱ्या गटाला दार किलकिलंच असतं. त्यामुळे ‘आधी दहावी होऊ दे, मग बघू’ हा घरोघरीचा सल्ला इथे महागात पडतो. साताऱ्याच्या या मुलीने नववीत सुरुवात केली तर तिच्या हाती चार प्रयत्न आहेत. दहावीनंतर सुरू करणाऱ्याकडे दोनच उरतात आणि त्यातला दुसरा त्या किलकिल्या दारातून.

दुसरा प्रश्न फीचा. २०२३ च्या आयओक्यूएमला एका विद्यार्थ्याची फी ३०० रुपये होती. केंद्रीय विद्यालयं आणि जवाहर नवोदय विद्यालयांतल्या मुलांना १८०. वर्षागणिक आकडा थोडाफार हलू शकतो, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक पाहूनच पैसे भरावेत. या फीची खरी गंमत पुढे आहे. ती फक्त खालच्या पायरीवर घेतली जाते. पहिल्या फेरीतून वर गेलेल्या मुलाला आरएमओ आणि आयएनएमओसाठी वेगळी फी भरावी लागत नाही. शिबिराचा खर्च सरकारी निधीतून होतो आणि संघात निवड झाली तर परदेशी जाण्या-येण्याचाही. वर जाल तसं महाग होत जाणारं बरंच काही शिक्षणात आहे. इथे उलट आहे. साताऱ्याहून विभागीय फेरीच्या केंद्रावर जायचं तर एसटीचं तिकीट आणि सोबतच्या पालकाचा एक रविवार, इतका खर्च मात्र घरचाच.

तीनशे रुपये भरायचे कुठे, हे समजून घ्यावं लागतं. या परीक्षेची केंद्रं शाळांमधून उघडतात. शाळा आधी स्वतःची नोंदणी केंद्र म्हणून करते, मग मुलं त्या केंद्राखाली नाव घालतात. आपली शाळा केंद्र नसेल तर जवळच्या नोंदणीकृत केंद्रावर नाव घालता येतं. हे काम पावसाळ्यात, पहिली चाचणी आणि गणपतीच्या तयारीच्या धांदलीत उरकावं लागतं. मुदत टळली की पुढचं वर्ष. इथे बहुतेक चुका कारकुनी असतात : शाळेच्या रजिस्टरमधली जन्मतारीख एक आणि आधार कार्डावरची दुसरी, इयत्ता मागच्या वर्षाची, मुलीपुढे ‘मुलगा’. शेवटची चूक किरकोळ वाटते, पण मुलींसाठी पुढच्या फेरीत काही वाढीव जागा असतात. चुकीच्या नोंदीमुळे त्या जागांच्या यादीत तिचं नावच येत नाही. वेळापत्रकं आणि नियम mtai.org.in आणि olympiads.hbcse.tifr.res.in या दोन ठिकाणी लागतात. तिथे न दिसणारी तारीख, मग ती व्हॉट्सॲपवर कितीही फिरत असली तरी, धरून चालू नये.

परीक्षेचा दिवस. तीन तास, तीस प्रश्न. दहा प्रश्न दोन-दोन गुणांचे, दहा तीन-तीनचे आणि दहा पाच-पाचचे, एकूण शंभर. चुकलं तर गुण कापले जात नाहीत, म्हणून रिकामं सोडण्यात शहाणपणा नाही. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. मराठी माध्यमाच्या मुलीला ‘मूळ संख्या’ हिंदीत ‘अभाज्य संख्या’ होते, हे आधीच ठाऊक हवं. गणित येत असूनही प्रश्न कळला नाही असं होण्यात काही अर्थ नाही. विषय शाळेतल्या गणिताच्या शेजारचेच : संख्याशास्त्र म्हणजे स्टॅटिस्टिक्स नव्हे तर पूर्ण संख्यांचे गुणधर्म, बीजगणित, भूमिती आणि मोजदाद. कलनशास्त्र लागत नाही. शाळेत शिकवलेलं सूत्र घातलं की उत्तर बाहेर पडेल, असे प्रश्न मात्र इथे नसतात.

एक प्रश्न जवळून पाहू. तो या परीक्षेच्या धाटणीचा, पण या लेखासाठी रचलेला आहे : १ ते १०० मधल्या किती संख्या दोन पूर्ण वर्गांच्या फरकाच्या रूपात लिहिता येतात? शून्यही वर्ग मानायचा.

आपली मुलगी करून बघू लागते. १ म्हणजे १ वजा ०. ३ म्हणजे ४ वजा १. ४ म्हणजे ४ वजा ०. ५ म्हणजे ९ वजा ४. ७ म्हणजे १६ वजा ९. ८ म्हणजे ९ वजा १. मध्ये २ आणि ६ जमेनात. पुढे ९ जमते, ११ जमते, १२ म्हणजे १६ वजा ४. १० मात्र हट्टाने बाहेर राहते. २, ६, १०. पुढची बहुधा १४. चाराने भागून बाकी दोन उरणाऱ्या संख्या अडतायत, असं तिच्या ध्यानात येतं. १ ते १०० मध्ये अशा संख्या पंचवीस. शंभरातून पंचवीस गेले, पंचाहत्तर उरले. ती ७ आणि ५ चे गोळे भरते. उत्तर बरोबर आहे आणि गुण तिचे. दहा-पंधरा संख्या तपासून, नमुना ओळखून, उरलेलं अंदाजाने. ‘कशावरून?’ असं पहिली फेरी विचारत नाही.

विभागीय फेरी तेच विचारते. आरएमओ ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला होते. पुन्हा तीन तास, पण प्रश्न फक्त सहा. गोळे नाहीत, कोरे कागद. तिथे हाच प्रश्न असा येईल : चाराने भागून बाकी दोन उरणारी कोणतीही संख्या दोन वर्गांचा फरक असू शकत नाही आणि बाकी सगळ्या असतात, हे सिद्ध करा. आता २, ६, १० जमत नाहीत असं दाखवून भागत नाही. शंभरापर्यंतच्या सगळ्या संख्या तपासल्या तरी भागत नाही, कारण संख्या शंभरापाशी थांबत नाहीत. लागतं ते हे :

a² − b² = (a − b)(a + b)

या दोन कंसांतला फरक 2b, म्हणजे सम. म्हणून दोन्ही कंस एकदम सम असतील किंवा एकदम विषम. दोन्ही विषम असले तर गुणाकार विषम. दोन्ही सम असले तर गुणाकाराला चाराने भाग जातो. सम पण चाराने भाग न जाणारी संख्या यातून निघूच शकत नाही. ही अर्धी सिद्धता. उरलेली अर्धी अशी, की बाकी सगळ्या संख्या खरंच जमतात, हे करून दाखवायचं :

2k + 1 = (k + 1)² − k²
4k = (k + 1)² − (k − 1)²

पहिल्या ओळीत सगळ्या विषम संख्या आल्या, दुसरीत चाराच्या सगळ्या पटी. सिद्धता संपली. तपासनीस पाहतात ते हेच : दोन्ही अर्धे भाग आहेत का, की विद्यार्थी पहिल्या भागावरच खूश होऊन थांबला. अशा ठिकाणी पुष्कळ हुशार मुलांचे गुण जातात. त्यांना उत्तर ठाऊक असतं, पण सगळं लिहायची सवय नसते. शाळेत ‘पायऱ्यांना गुण’ असतात तशा इथल्या पायऱ्या नाहीत. इथे युक्तिवादातली एक फट पूर्ण उत्तर पाडू शकते.

पहिल्या फेरीतून दुसरीत कोण जातं, याचं उत्तर मुलीच्या गुणांत आणि तिच्या पत्त्यात मिळून दडलेलं असतं. देश विभागांत वाटलेला आहे आणि निवड विभागवार होते. विभागातली सर्वांत वरची काहीशे मुलं आरएमओला बोलावली जातात आणि त्यांतली मोजकी पुढे आयएनएमओला. परिणाम असा, की त्याच प्रश्नपत्रिकेत तेवढेच गुण मिळवलेली दोन मुलं, एक आत आणि एक बाहेर. जिथे ऑलिम्पियाडच्या शिकवण्या जोरात आहेत, तिथे कटऑफ वर चढतो. ईशान्येतल्या एखाद्या छोट्या विभागात तो खाली असतो. हे अन्यायाचं वाटतं खरं, पण विभाग काढून टाकले तर राष्ट्रीय फेरीत चार-पाच शहरंच दिसतील. सगळ्या देशातून मुलं हवी असतील तर ही किंमत वाजवी म्हणावी लागेल. त्यामुळे ‘किती गुण पडले की निवड?’ या पालकांच्या प्रश्नाला एकच आकडा उत्तर म्हणून देता येत नाही. दुसऱ्या राज्यातल्या भाच्याचा कटऑफ साताऱ्याला लागू होत नाही आणि मागच्या वर्षीचा यंदाला.

विभाग म्हणजे राज्यच, असंही दरवेळी नसतं. सगळीकडे एकच प्रश्नपत्रिका नसायची तेव्हा मुंबईची आरएमओ वेगळी आणि महाराष्ट्र-गोव्याची वेगळी निघत असे. हे जुने कागद आजही सरावाला उत्तम आहेत. जुन्या प्रश्नपत्रिका होमी भाभा केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. व्ही. कृष्णमूर्ती, सी. आर. प्रणेशाचार, के. एन. रंगनाथन आणि बी. जे. वेंकटाचल यांचं ‘चॅलेंज अँड थ्रिल ऑफ प्री-कॉलेज मॅथेमॅटिक्स’ हे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या मुलं या शिडीसाठी वाचत आली आहेत. या दोन गोष्टी नीट पचवल्यावरच महागड्या शिकवणीचा विचार करावा.

शिडी कायम अशीच होती असं नाही. आयएनएमओ १९८६ पासून होते आणि भारत आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिल्यांदा उतरला १९८९ मध्ये. आधी विभागीय फेरीच पहिली पायरी होती. गर्दी वाढली तशी खाली चाळणी लावावी लागली. करोनाच्या काळात मुलांना एकत्र आणणं कठीण झालं तेव्हा मधली विभागीय फेरी गाळून थेट राष्ट्रीय फेरी घेतली गेली. नंतर ती परत आली. म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वी परीक्षा दिलेल्या ताईचा सल्लाही ताज्या माहितीपत्रकाशी ताडून घ्यावा.

राष्ट्रीय फेरी जानेवारीच्या मध्यात येते. अलीकडे साडेचार तास, सहा प्रश्न. एका प्रश्नाला सरासरी पाऊण तास आला, तरी बहुतेकांना सहाच्या सहा सुटत नाहीत. इथून पुढे दोन वाटा फुटतात. मुला-मुलींचा मिळून एक गट उन्हाळ्यातल्या महिनाभराच्या शिबिराला जातो. तिथे व्याख्यानं कमी आणि निवड-चाचण्या जास्त महत्त्वाच्या, त्यांतून सहा जण उरतात. दुसरी वाट मुलींची. युरोपियन गर्ल्स मॅथेमॅटिकल ऑलिम्पियाड एप्रिलच्या सुमारास असते, भारत तिथे २०१५ पासून चार मुलींचा संघ पाठवतो, म्हणून त्यांचं प्रशिक्षण आधी उरकतं. संघात निवड व्हायची तर भारतीय पारपत्र हवं. निवडीच्या आशेवर असलेल्या घराने ते आधीच काढून ठेवलेलं बरं.

वरच्या पायरीपर्यंत न पोचलेल्यांच्याही हाती काहीतरी लागतं. आयएनएमओचं पारितोषिक मिळालेल्यांना इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटने पदवी प्रवेशाच्या लेखी परीक्षेतून सूट देऊन थेट मुलाखतीला बोलावलेलं आहे. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटनेही अशांसाठी दार सैल ठेवलं आहे. आयआयटी मुंबईत गणिताच्या पदवीला जेईईविना शिरण्याची एक वाट या शिबिरातून जाते. पण ते वरच्या थोड्यांसाठी. पहिल्या फेरीत अडलेल्या मुलाला कॉलेज प्रवेशात याचा काही उपयोग नाही, आणि कुणी तसं सांगून शिकवणी विकत असेल तर तिथून निघावं.

भौतिकी, रसायन, जीवशास्त्र आणि खगोलशास्त्र यांच्या ऑलिम्पियाडची शिडी जवळजवळ अशीच, पण मधली विभागीय फेरी तिथे नाही. नोव्हेंबरात भौतिकी शिक्षकांची राष्ट्रीय संघटना पहिली परीक्षा घेते आणि तिथून निवडलेले थेट राष्ट्रीय फेरीला. गणित आणि विज्ञान दोन्हींना बसायचं असेल तर सप्टेंबर आणि नोव्हेंबर अशा दोन वेगळ्या नोंदण्या, दोन वेगळ्या फिया, दोन वेगळ्या मुदती.

वरच्या टोकाला काय असतं? जुलैत दोन दिवस, दररोज साडेचार तास आणि तीन प्रश्न, प्रत्येकी सात गुण, एकूण बेचाळीस. १९९६ मध्ये ही स्पर्धा मुंबईत भरली होती. २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या बाथ इथे भारताच्या सहा जणांनी चार सुवर्ण आणि एक रौप्यपदक मिळवलं, सहाव्याला सन्मान्य उल्लेख मिळाला. संघ चौथा आला, तोवरचा सर्वांत वरचा क्रमांक. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियात तीन सुवर्ण, दोन रौप्य, एक कांस्य आणि सातवा क्रमांक.

साताऱ्याच्या मुलीच्या सरांनी म्हणून एक करावं. पावसाळा सुरू होताच संकेतस्थळ उघडून शाळा केंद्र होऊ शकते का ते पाहावं, नसेल तर जवळचं केंद्र शोधून ठेवावं आणि नोंदणी अर्जातली जन्मतारीख, इयत्ता आणि मुलगी-मुलगा ही तीन घरं दोनदा तपासावीत. आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी वर्गात एकदा सात हा आकडा ०७ असा भरायला लावावा.